दंडावरचा एक रुपया

ते कलम माझं होतं. कुठल्याही वकिलाला ते सुचलं नव्हतं. मला सुचलं, मी टाइप केलं, आणि तीन हंगाम ते नारायणगावच्या राहुट्यांमधून नव्या नवरीसारखं मिरवलं. जुन्नरच्या कोर्टात त्याचा शालू फिटला, तेव्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मीच उभा होतो. घाम पुसायला रुमाल काढला तर हातात कार्बन पेपर आला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्षभर मी जुन्नरला तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार. पण पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडल्या, की माझं घोडं तिकडं उधळायचं. गावोगावच्या यात्रा कमिट्या जीप भरभरून येत. या राहुटीत चहा, त्या राहुटीत घासाघीस, मग सुपारी ठरायची, विसार द्यायचा आणि कागद करायचा. कागद करायचा म्हटला की लोक माझ्याकडं बोट दाखवत. दोन राहुट्यांच्या मधल्या फटीत माझं टेबल असे. एका बाजूनं ढोलकी, दुसऱ्या बाजूनं भांडण, मधे मी खटाखट. स्वर्ग म्हणतात तो हाच असावा, असं मला तेव्हा वाटे.

आता कलम ऐका. "सदर फडाने कबुलीप्रमाणे खेळ न केल्यास, अगर येण्यास उशीर केल्यास, अगर ठरल्यापेक्षा कमी कलावंत आणल्यास, फडमालकाने कमिटीस दंडादाखल रुपये पंचवीस हजार एक द्यावेत. त्याबाबत कोणतीही तक्रार चालणार नाही."

"तक्रार चालणार नाही" हे शब्द टाइप करताना मला राजा झाल्यासारखं वाटायचं. आणि वरचा तो एक रुपया ही खास माझी कलाकुसर. देणगी असो, आहेर असो, वर्गणी असो, आपल्याकडं रकमेच्या शेवटी शून्य कुणी ठेवतं का? यात्रेच्या कागदावर नुसते पंचवीस हजार मला उघडेबोडके दिसत होते. मी दंडाला शकुनाचा रुपया चढवला. आजही सांगतो, डोळ्यांना तो छान दिसत होता.

त्या वर्षी आमच्याच गावची कमिटी आली. गाव ओतूरच्या अलीकडं. कमिटीचे अध्यक्ष माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामाच. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. सुपारी अकरा हजारांवर ठरली होती: एक रात्रीचा खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, म्हणजे दिवसाउजेडी होणारा छोटा खेळ. चार हजार विसार. फडाची मालकीण पन्नाशीची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दंडाची जागा कोरी ठेवलेला कागद डोळ्यांजवळ धरून तिनं सगळा वाचला.

"दंडाचा आकडा किती टाकू, मामा? एरवी पंचवीस हजार टाकतो," मी विचारलं.

"असा टाक भाच्या, की फडवाल्याला बगून घाम फुटला पायजे. पंचवीस हजार!"

चहा आला. मी पंचवीस हजार एक टाइप केले. सगळे खूश.

बाईंनी चष्मा वर केला. "भाऊ, सुपारी अकरा हजार, अन् दंड पंचवीस? ह्यो आकडा कशाचा हाय?"

आणि मी, तोंडाळ माणूस, हसत हसत म्हणालो, "अहो बाई, तो नुसता लिहायचा असतो. आजवर कुणी दिलाय का?"

बाई हसल्या. त्यांनी सही केली.

यात्रेदिवशी फड आला नाही. आदल्या गावाहून येताना त्यांच्या ट्रकचा मागचा आस तुटला, आणि सारा तमाशा सामानासकट रस्त्याच्या कडेला बसून राहिला. इकडं गावात जनरेटर लागलेला, स्टेज बांधलेलं, पाच गावची माणसं जमलेली. कमिटीनं धावपळ करून पडद्यावर व्हिडिओ लावला. निम्मं पब्लिक तो पाहायच्या आधीच घरी गेलं. खेळणीवाले, भेळवाले, पाळणावाले कमिटीच्या मागं लागले: गर्दी न्हाई तर जागेचं भाडं परत द्या. कमिटीनं अर्धं भाडं परत केलं.

आणि सकाळी नऊला फड हजर! कुणाचा तरी ट्रक उसना घेऊन, धुळीनं माखून. बाईंनी हात जोडले. मामा मांडीवर थाप मारून गरजले, "आता कशाला आलाय, आमची हाडं गोळा करायला?" पण माणसं बसली होती, ढोलकीवाल्यानं नुसती बोटं फिरवली, आणि हजेरी सुरू झाली. चांगली दोन तास झाली. मामा पहिल्या रांगेत. बतावणीतल्या विनोदांना ते इतके हसले की टोपी पडली. मी स्वतः उचलून दिली.

मग टोपी डोक्यावर नीट बसवून त्यांनी बाईंना सांगितलं, "सुपारीची बाकी इसरा. आमचा इसार परत, अन् वर पंचवीस हजार एक."

बाईंना वाटलं, हे बतावणीतलंच चाललंय.

नोटीस गेली, दावा लागला. एके दिवशी दुपारी बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, हातात समन्स.

"भाऊ, नुसता लिहायचा असतो म्हणाला व्हता."

माझ्या हातातला कागद रोलरमध्ये तिरका गेला.

"माझ्याकडं इकाय काय हाय? त्यो एक ट्रक. तो आता कुठं दुरुस्त क्येला. पंचवीस हजार द्यायचं म्हंजी ट्रक जाणार. अन् ट्रक गेला की फड गेला. चाळीस माणसं हायत माझ्याकडं. त्यांना काय यष्टीनं यात्रेला नेऊ?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मला बसवेना. टायपिस्ट आणि बसवेना! एक ओळ मारायची की उठायचं. चहावाल्यापर्यंत जायचं, चहा न पिता परत यायचं. लोकांच्या प्रतिज्ञापत्रात मी वडिलांच्या जागी सासऱ्याचं नाव टाइप केलं. शेवटी मी बाईंच्या वकिलीणबाईंच्या ऑफिसात जाऊन थडकलो. तरुण होत्या, बोलणं तुटक, टेबलावर एकही कागद वाकडा नाही.

"ट्रक मोडला त्याला बाई काय करतील?" मी विचारलं.

"ते चालणार नाही. ट्रक मोडणं ही अडचण झाली. करार मोडला तो मोडलाच. ते आम्ही नाकारतच नाही."

"मग संपलं की! आकडा लिहिलाय, सही आहे."

"संपत नाही. तिथून तर सुरू होतं." त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "करार कायद्याचं कलम चौऱ्याहत्तर. करारात आकडा लिहिला असला, मग त्याला नुकसानभरपाई म्हणा नाहीतर दंड म्हणा, कोर्ट देतं ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा म्हणजे छप्पर. त्याच्यावर जाता येत नाही. पण छपरापर्यंतची भिंत ज्यानं दावा लावला त्यानं बांधायची."

"म्हणजे पूर्ण आकडा कधीच मिळत नाही?"

"मिळतो ना. नुकसान मोजणं खरंच अवघड असेल, आणि दोघांनी आधीच बसून प्रामाणिकपणे अंदाज केला असेल, तर कोर्ट तोच आकडा धरतं. पण मोजता येण्यासारखं नुकसान असेल तर मोजून दाखवावं लागतं. आणि आकडा नुसता भीती घालायला टाकला असेल, तर तो बाजूला ठेवून कोर्ट खरं काय गेलं ते पाहतं." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुमचा आकडा कसा ठरला होता?"

मी छताकडं पाहिलं. तिथं पंखा होता. तोही फिरत नव्हता.

"आता सांगू नका," त्या म्हणाल्या. "गावाच्या वकिलांनी तुम्हाला साक्षीदार केलंय. कागद तुम्ही टाइप केलात ना. मी उलटतपासात विचारीन."

त्याच आठवड्यात मामा घरी आले. पाटावर बसले, पाणी प्यायले, आणि आवाज अर्ध्यावर आणला. मामांचा अर्धा आवाज म्हणजे इतरांचा सव्वा.

"भाच्या, वकील म्हणत्यात, लई सोपं हाय. तू येवढंच सांग, की आमी समदी बसलो, नुसकानीचा हिशेब क्येला, अन् त्यातून ह्यो आकडा निघाला."

"पण मामा, हिशेब कुठं केला? तुम्ही म्हणालात घाम फुटला पाहिजे."

"त्यो पण हिशेबच!" मामा म्हणाले. "गावाचं नाक कापलं ते काय फुकाट? पाच गावाची पावणं समूर बसल्याली. शेजारचा सरपंच मला म्हनला, तमाशा सोडा राव, आता तुमीच नाचा!"

मला हसू आलं आणि मामा उठले. दारातून म्हणाले, "गावात ऱ्हायचंय ना तुला?"

तारीख लागली, पुढं गेली. पुन्हा लागली, साहेब रजेवर. तिसऱ्यांदा समोरच्या वकिलांच्या घरी लग्न. प्रत्येक तारखेला मी इस्त्रीचा सदरा घालून कोर्टाच्या आवारात फेऱ्या मारायचो, आणि मनात दोन साक्षी पाठ करायचो. एक मामांची, एक खरी. दोन्ही मी झकास करून दाखवत असे. चिंचेखाली उभ्या एका पक्षकारानं तर विचारलं, "कुठल्या नाटकात हायसा, भाऊ?"

चौथ्या तारखेला पुकारा झाला. शपथ झाली. गावाच्या वकिलांनी कागद दाखवला. तो मीच टाइप केला का? हो. सह्या माझ्यासमोर झाल्या का? हो.

"आकडा कसा ठरला?"

मामा मागच्या बाकावर. बाई दुसऱ्या बाजूला, चष्म्याच्या काडीशी चाळा करत. मी घसा साफ केला.

"चर्चेतून," मी म्हणालो.

सुरेख उत्तर! दोन्हीकडं चालेल असं. वकील खाली बसले, मामांची मिशी पसरली. मग वकिलीणबाई उठल्या.

"चर्चा किती वेळ चालली?"

"चहा येईपर्यंत."

"त्यात जनरेटरचं भाडं किती, हे निघालं?"

"नाही."

"स्टेजचं? दुकानांच्या जागांचं?"

"नाही."

"करारात लिहिलंय, उशीर झाला तरी, कलावंत कमी आले तरी, आणि खेळच झाला नाही तरी, रक्कम एकच. म्हणजे एका ढोलकीवाल्याला ताप आला, तरी पंचवीस हजार एक?"

"कागदाप्रमाणे हो."

"दुसऱ्या गावांच्या करारांतही तुम्ही हाच आकडा घातलाय?"

"सुपारी सहा हजारांची असो, नाहीतर सोळा. हाच."

आतापर्यंत खाली मान घालून लिहीत असलेले न्यायाधीश साहेब थांबले. "यातला हा एक रुपया कोणत्या नुकसानीचा?"

"तो शकुनाचा, साहेब."

"दंडाला शकुन?"

"यात्रेचा कागद, साहेब. शेवटी शून्य बरं दिसत नाही."

कोर्ट हसलं. बेलीफ हसला. गावाचे वकील फाइलमध्ये तोंड घालून हसले. एरवी इतकी दाद मिळाली असती तर मी कमरेत वाकून मुजरा केला असता. पण त्या हसण्यात मला एकदम कळलं, की आता आडोसा उरला नाही.

"शेवटचा प्रश्न," वकिलीणबाई म्हणाल्या. "हा आकडा घालण्याचा हेतू काय होता?"

मी मामांकडं पाहिलं नाही. "घाबरवायचा," मी म्हणालो. "समोरच्याला घाम फुटावा म्हणून. हिशेब कुणी केला नव्हता." आणि तोंड सुटलंच होतं म्हणून पुढं बोललो, "आणि साहेब, मी बाईंना म्हणालो होतो, की हा नुसता लिहायचा असतो—"

साहेबांनी हात वर केला. "तुम्ही तोंडी काय म्हणालात त्यानं लिहिलेला करार बदलत नाही. त्यांनी वाचून सही केली आहे. आकडा कसा आला, एवढंच मला हवं होतं. उतरा खाली."

म्हणजे ज्या वाक्यानं मला वर्षभर टोचलं, त्याची कोर्टाला काडीइतकी किंमत नव्हती! मी उतरलो. बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. मामांनी पाहिलं, आणि ते न पाहिलेलंच बरं होतं.

नंतर मामांचीही उलटतपासणी झाली. पावत्या कुठल्या, हे विचारल्यावर त्यांनी तीनच काढून दिल्या. बाकी काय गेलं, तर "इज्जत." हजेरीला बसला होता का, यावर ते म्हणाले, "बसलो व्हतो, पन रागानं." टोपी पडल्याचं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

निकालाला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत गावात माझ्याशी दोनच जण बोलत होते: बायको आणि न्हावी. निकालाच्या दिवशी मी जुन्नरला कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होतो. आत बसवेना, बाहेर राहवेना. उंबऱ्यावर एक पाय ठेवून मी तो ऐकला.

साहेबांनी करार मोडल्याचं मान्य धरलं. पंचवीस हजार एक हा आकडा नुकसानीचा अंदाज नसून धाक आहे, म्हणून तो जसाच्या तसा मिळणार नाही, असं सांगितलं. पण धाक ठरला म्हणून वादीचा हात रिकामाही राहत नाही. जे खरं गेलं ते मिळेल. मग त्यांनी आकडे वाचले आणि मी बोटांवर धरत गेलो. विसार चार हजार. पण हजेरी झाली, ती गावानं पाहिली, आणि याच फडाच्या इतर करारांत नुसत्या हजेरीचे अडीच हजार दिसतात. तेव्हा दीड हजार परत. स्टेज आणि जनरेटर वाया गेला, ऐनवेळी व्हिडिओ आणावा लागला: पावत्यांप्रमाणे तीन हजार एकशे पन्नास. दुकानदारांना परत दिलेलं भाडं अठराशे. एकूण सहा हजार चारशे पन्नास, आणि त्या प्रमाणात दाव्याचा खर्च. जे मोजता येत होतं ते वादीनं मोजून दाखवलं, तेवढं दिलं. गावाच्या मानहानीबद्दल या करारावरून काही देता येत नाही. रक्कम भरायला दोन महिने मुदत.

व्हरांड्यात मामांनी आपल्या वकिलांना कोपऱ्यात घेतलं. "म्हंजी आमचं बावीस हजार गेलं?"

"अहो, ते तुमचे होते कधी?" वकील म्हणाले. "अपील करता येईल. पण पावत्या वाढणार नाहीत."

बाई वकिलीणबाईंना एकच विचारत होत्या. "ट्रक ऱ्हायला का?"

"राहिला. पण सहा हजार चारशे पन्नास वेळेवर भरा. नाहीतर तोही आकडा वाढेल."

बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि त्या ताबडतोब ड्रायव्हरवर ओरडायला लागल्या, की उशीर झाला, त्यांना संध्याकाळच्या आत पुढच्या गावी पोचायचं होतं, आणि या वेळी उशीर झाला तर त्या स्वतः त्याला सुपारीतून वजा करतील. मग मी दिसलो. आभार-बिभार काही नाही.

"तुमी कसं जाणार, भाऊ? गावची जीप तुमाला घील वाटतंय का?"

मामांची जीप समोरच उभी होती. मामा पुढं बसले होते, आणि मागच्या सीटवर एक जागा मोकळी असूनही त्यांनी तिच्यावर आपली पिशवी ठेवली होती.

"मी यष्टीनं जातो," मी म्हणालो.

"ओतूरच्या फाट्यापातुर सोडते. चढा."

मी केबिनमध्ये चढलो. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. ट्रक खोकला. पुन्हा फिरवली. ट्रकनं काळा धूर काढून कोर्टाची भिंत रंगवली आणि गप्प झाला. मागं ढोलक्या, पेट्या, पडदे आणि सात-आठ माणसं. ती सरावानं खाली उतरली, जणू हाही खेळाचाच भाग. ढोलकीवाला, सोंगाड्या, दोन नाचणाऱ्या पोरी पदर खोचून, आणि बाई स्वतः, चष्मा हातात धरून.

"भाऊ, तुमी काय पाहुणे हाय का? उतरा की!"

इस्त्रीचा सदरा, कोर्टाची पॅन्ट. मी उतरलो आणि मागच्या फळीला दोन्ही हात लावले. ऊन फळीतून तळव्यांत शिरलं. सोंगाड्या ओरडला, "बोला, गणपती बाप्पा!" आणि आम्ही ढकललं. मामांची जीप आमच्या मागं अडकली होती. त्यांना जायला वाट नव्हती. हॉर्न वाजत होता. ट्रक हातभर सरकला, थांबला, पुन्हा हातभर.

जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. मामा उतरून माझ्या शेजारी आले. माझ्याकडं न बघता त्यांनी खांदा फळीला लावला.

"वाट आडवलीय रांडंच्यानं," ते म्हणाले. "म्हनून. बाकी काय न्हाई. ढकल!"